एसआयपीतले पैसे काढताना: बारा महिन्यांची रेघ आणि भांडवली नफ्यावरचा कर

इक्विटी म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी सुरू करणाऱ्याला पैसे भरताना कराचा विचार करावाच लागत नाही. तो प्रश्न पैसे काढताना येतो, आणि तेव्हा बहुतेकांच्या मनात एकच समजूत असते: ‘माझी एसआयपी दोन वर्षांची आहे, म्हणजे नफा दीर्घकालीन.’ ही समजूत अर्धीच बरोबर आहे. एसआयपी दोन वर्षांची असली तरी तिचा शेवटचा हप्ता कदाचित दहा दिवसांपूर्वीचा असतो. आयकर खाते एसआयपीचे वय बघत नाही, प्रत्येक युनिटचे वय बघते. हा लेख त्या युनिटच्या वयाबद्दल आहे. भारतात राहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला डोळ्यांसमोर ठेवून, मुख्यतः इक्विटी फंड आणि शेअर बाजारात नोंदलेले शेअर यांच्यापुरता तो लिहिला आहे. सोने, घर आणि कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारे डेट फंड यांचे नियम वेगळे आहेत, त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडक्यात सांगतो.

आधी रेघ कुठे आहे ते पाहू

गुंतवणूक विकून जो फायदा होतो त्याला भांडवली नफा म्हणतात. तो विकल्यावरच मोजला जातो. फंडाची किंमत कागदावर दुप्पट झाली तरी तुम्ही युनिट विकत नाही तोवर त्यावर कर नाही.

नोंदलेले शेअर आणि इक्विटी फंडाची युनिट तुमच्याकडे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिली तर विक्रीचा नफा दीर्घकालीन. बारा महिने किंवा त्याहून कमी काळ राहिली तर अल्पकालीन. इक्विटी फंड म्हणजे ज्या फंडाचे किमान ६५ टक्के पैसे भारतीय कंपन्यांच्या नोंदलेल्या शेअरमध्ये असतात तो फंड. नावात ‘हायब्रिड’ किंवा ‘बॅलन्स्ड’ असलेले काही फंड या व्याख्येत बसतात, काही बसत नाहीत. म्हणून नावावर न जाता फंडाच्या माहितीपत्रकात त्याची करविषयक नोंद वाचावी.

‘बारा महिन्यांपेक्षा जास्त’ यातला ‘पेक्षा’ महत्त्वाचा आहे. १० एप्रिल २०२४ ला घेतलेले युनिट १० एप्रिल २०२५ ला विकायला निघालात तर तुम्ही बरोबर रेघेवर उभे आहात. तिथे एका दिवसासाठी वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही. दोन-तीन दिवस पुढे ढकलून विका.

आता दर. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हे दर बदलले आणि त्याच दिवसापासून झालेल्या विक्रीला ते लागू झाले. अल्पकालीन नफ्यावर आधी १५ टक्के कर होता, तो २० टक्के झाला. दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के होता, तो साडेबारा टक्के झाला. दीर्घकालीन नफ्याला आणखी एक सवलत आहे: एका आर्थिक वर्षातल्या अशा एकूण नफ्यातले पहिले १ लाख २५ हजार रुपये करमुक्त. आधी ही मर्यादा १ लाख होती. अल्पकालीन नफ्याला अशी सवलत नाही, तिथे पहिल्या रुपयापासून २० टक्के. दोन्हींवर वर ४ टक्के उपकर लागतो, आणि उत्पन्न खूप मोठे असेल तर अधिभारही.

या बदलाचा एक परिणाम फारसा बोलला गेला नाही. आधी दोन दरांमध्ये ५ टक्क्यांचे अंतर होते, आता साडेसात टक्क्यांचे आहे. छोट्या गुंतवणूकदाराचा वर्षाचा दीर्घकालीन नफा तर बहुधा सव्वा लाखाच्या आतच राहतो, म्हणून त्याच्यासाठी तुलना २० टक्के विरुद्ध शून्य अशी होते. कर दोन्ही बाजूंनी वाढला हे खरे, पण घाईने विकणाऱ्यावर तो जास्त वाढला.

काळ बघून कर का बदलतो?

यामागे दोन कारणे आहेत. पहिले महागाईचे. दहा वर्षांपूर्वी एक लाखाला घेतलेली गुंतवणूक आज दोन लाखांना विकली तर कागदावर लाखाचा नफा दिसतो. पण त्या दहा वर्षांत रुपयाची किंमतही उतरलेली असते, त्यामुळे नफ्याचा काही भाग हा केवळ महागाईची भरपाई असतो. त्यावर पूर्ण दराने कर घेणे म्हणजे मुद्दलावर कर घेण्यासारखे आहे. सोने, घर अशा मालमत्तांसाठी पूर्वी खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून घेता येत असे. २३ जुलै २०२४ पासून ही सोय बहुतेक ठिकाणी काढून टाकली आणि तिच्याऐवजी साडेबारा टक्क्यांचा कमी दर ठेवला. म्हणजे महागाईचा हिशेब आता त्या कमी दरात गृहीत धरलेला आहे.

दुसरे कारण नफा एकाच वर्षात येऊन पडण्याचे. दहा वर्षांत हळूहळू साठलेली वाढ विक्रीच्या एका दिवशी एकदम उत्पन्न म्हणून उभी राहते. पगारासारखी ती उत्पन्नात मिळवून चढत्या दराने कर लावला, तर दहा वर्षांच्या संयमाची शिक्षा एका वर्षात भोगावी लागेल. वेगळा आणि कमी दर ही अडचण टाळतो.

बाकी सरकारला शेअर बाजारात टिकणारे पैसे हवे असतात, हा हेतूही इतिहासातून दिसतो. १ ऑक्टोबर २००४ पासून नोंदलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा, खरेदी-विक्रीवर लागणारा रोखे व्यवहार कर भरलेला असेल तर, पूर्ण करमुक्त होता. ही माफी १ एप्रिल २०१८ पासून संपली. त्यामुळे एक जुनी सोय मात्र अजून जिवंत आहे. ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेले शेअर किंवा युनिट तुमच्याकडे असतील, तर त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. मात्र त्यामुळे नफ्याच्या जागी तोटा उभा करता येत नाही. आईवडिलांच्या जुन्या गुंतवणुका विकताना हे जरूर तपासा, कारण २०१८ पूर्वीची सगळी वाढ त्यामुळे कराबाहेर राहते.

एक हिशेब शेवटपर्यंत करू

समजा, एक नोकरदार शिक्षिका आहेत. त्यांनी जानेवारी २०२४ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला २५,००० रुपयांची एसआयपी एका इक्विटी फंडात ठेवली. डिसेंबर २०२५ पर्यंत २४ हप्ते झाले, एकूण ६ लाख रुपये. १५ डिसेंबर २०२५ ला घराच्या दुरुस्तीसाठी त्यांना साडेचार लाख रुपये हवे आहेत. त्या दिवशी युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, ६० रुपये आहे.

प्रत्यक्षात प्रत्येक हप्त्याला वेगळा भाव मिळतो. इथे हिशेब डोळ्यांना दिसावा म्हणून असे धरू की २०२४ च्या बाराही हप्त्यांना ४० रुपये भाव मिळाला आणि २०२५ च्या बाराही हप्त्यांना ५० रुपये.

पहिली पायरी: हप्ते रेघेच्या दोन बाजूंना वाटा. १५ डिसेंबर २०२५ पासून बारा महिने मागे जा. ५ डिसेंबर २०२४ चा हप्ता आणि त्याआधीचे सगळे बारा महिन्यांपेक्षा जुने आहेत. ते बारा हप्ते दीर्घकालीन. ५ जानेवारी २०२५ पासूनचे बारा हप्ते अल्पकालीन. इथे तारीख धरायची ती बँकेतून पैसे गेल्याची नाही, तर युनिट मिळाल्याची. ५ तारखेला सुट्टी आली किंवा पैसे फंडाकडे उशिरा पोचले तर युनिट एक-दोन दिवस उशिरा मिळतात. म्हणून तारीख खातेउताऱ्यातूनच घ्यावी.

दुसरी पायरी: युनिट मोजा. ४० च्या भावाने दर हप्त्याला ६२५ युनिट, बारा हप्त्यांची ७,५०० युनिट, खर्च ३ लाख. ५० च्या भावाने दर हप्त्याला ५०० युनिट, बारा हप्त्यांची ६,००० युनिट, खर्च पुन्हा ३ लाख. एकूण १३,५०० युनिट. ६० च्या भावाने त्यांची किंमत ८ लाख १० हजार.

तिसरी पायरी म्हणजे निर्णय, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. बाई विचार करतात, ‘फंड बराच वर आहे, सगळेच काढून घेऊ.’ तसे केले तर काय होईल ते पाहू.

जुन्या ७,५०० युनिटवर प्रत्येकी २० रुपये, म्हणजे दीड लाख रुपये दीर्घकालीन नफा. त्यातले सव्वा लाख करमुक्त. उरलेल्या २५,००० वर साडेबारा टक्के म्हणजे ३,१२५ रुपये. नव्या ६,००० युनिटवर प्रत्येकी १० रुपये, म्हणजे ६०,००० रुपये वरवरचा नफा. पण अनेक इक्विटी फंड वर्षाच्या आत काढलेल्या रकमेवर १ टक्का एक्झिट लोड कापतात. इथेही तसेच धरू. या युनिटची किंमत ३ लाख ६० हजार, त्यावर लोड ३,६०० रुपये. तो विक्रीच्या रकमेतून वजा होतो, म्हणून अल्पकालीन नफा ५६,४०० रुपये राहतो. त्यावर २० टक्के म्हणजे ११,२८० रुपये. दोन्ही मिळून १४,४०५, वर ४ टक्के उपकर धरून सुमारे १४,९८१ रुपये कर.

नफा बघा आणि कर बघा. दीड लाखाच्या नफ्यावर तीन हजार, आणि त्याच्या निम्म्याहून कमी नफ्यावर अकरा हजार. दोन्ही नफे त्याच फंडातले, त्याच दिवशी विकलेले. फरक फक्त युनिटच्या वयाचा.

आता दुसरा मार्ग. बाईंना हवे आहेत साडेचार लाख. ६० च्या भावाने ७,५०० युनिट विकली की बरोबर तेवढे पैसे मिळतात. आणि फंड कंपनी कोणती युनिट विकली असे धरते? सगळ्यात जुनी. आधी आलेले आधी बाहेर, हा नियम एका फोलिओच्या, म्हणजे फंड कंपनीकडच्या तुमच्या एका खात्याच्या, आत आपोआप लागतो, तुम्हाला वेगळे काही सांगावे लागत नाही. म्हणजे विकली गेली ती सगळी दीर्घकालीन युनिट. एक्झिट लोड शून्य, कर ३,१२५ आणि उपकर मिळून ३,२५० रुपये. गरजेपुरते काढल्यामुळे तब्बल ११,७३१ रुपये कर आणि ३,६०० रुपये लोड वाचला.

दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होणार असेल तर तेही ३,२५० रुपये वाचू शकतात. डिसेंबरमध्ये ६,२५० युनिट विकली तर ३ लाख ७५ हजार मिळतात आणि नफा बरोबर सव्वा लाख होतो, म्हणजे कर शून्य. उरलेले ७५ हजार १ एप्रिल २०२६ नंतर काढले तर त्यांचा २५,००० चा नफा नव्या वर्षाच्या सव्वा लाखात बसतो. अर्थात बाईंनी त्या वर्षात दुसरीकडे कुठे दीर्घकालीन नफा कमावलेला नसेल तरच. ही मर्यादा माणसाला आहे, फंडाला नाही. शेअर, इक्विटी फंड सगळे मिळून वर्षाला एकच सव्वा लाख. आणि एप्रिलपर्यंत भाव ६० च राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही, हेही धरून चाला.

थांबावे की विकावे?

समजा बाईंना उरलेली ६,००० युनिटही काढायची आहेत, पण पैशांची निकड नाही. थांबल्यावर दर महिन्याला एक-एक हप्ता रेघ ओलांडेल. जानेवारी २०२५ चा हप्ता जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यानंतर, आणि शेवटचा, डिसेंबर २०२५ चा, डिसेंबर २०२६ मध्ये. तोवर थांबून सगळी एकदम विकली आणि त्या वर्षी दुसरा नफा नसेल, तर करमुक्त मर्यादेत बसून कर शून्य होईल.

मग थांबावेच का? याचे उत्तर भावनेने न देता आकड्याने द्यावे. आज विकले तर लोड आणि कर मिळून १५,३३१ रुपये जातात. ३ लाख ६० हजारांवर हे सुमारे सव्वाचार टक्के होतात. म्हणजे भाव ६० वरून साधारण ५७ रुपये ४५ पैशांवर आला की थांबण्याचा सगळा फायदा संपतो. त्याखाली गेला की थांबणे महागात पडले. इक्विटी फंडाचा भाव काही आठवड्यांत सव्वाचार टक्के पडणे अगदी नेहमीचे आहे, एका वर्षात तर नक्कीच.

म्हणून माझे मत असे: ज्या कामासाठी पैसे लवकरच लागणार आहेत, त्यांच्यासाठी कर वाचवायला महिनोन्महिने थांबू नये. रेघेपर्यंत दोन-तीन आठवडेच उरले असतील आणि नफा मोठा असेल तर थांबणे शहाणपणाचे. नफा जितका मोठा, तितके थांबण्याला बळ. खरेदीच्या किमतीवर ५ टक्केच नफा असेल तर २० टक्के कर म्हणजे किमतीच्या एक टक्क्याएवढाच, त्यासाठी बाजाराची जोखीम घेण्यात काही हशील नाही. हा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांनी करून बघावा. कागदावर दोन मिनिटे लागतात.

घड्याळ नकळत शून्यावर जाते ते प्रसंग

सगळ्यात जास्त फटका बसतो तो ‘स्विच’मध्ये. एका फंडातून त्याच कंपनीच्या दुसऱ्या फंडात पैसे हलवले, किंवा त्याच फंडाच्या वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनमधून थेट कंपनीकडून घ्यायच्या डायरेक्ट प्लॅनमध्ये गेलात, तर बँकेत एक रुपयाही येत नाही. पण कायद्याच्या नजरेत ती जुन्या युनिटची विक्री आणि नव्या युनिटची खरेदी असते. जुन्या युनिटवरचा नफा त्याच वर्षी करपात्र होतो आणि नव्या युनिटचे बारा महिने त्या दिवसापासून पुन्हा मोजायला सुरुवात होते. डायरेक्ट प्लॅनचा खर्च कमी असतो, म्हणून जाणे बहुधा योग्यच आहे. पण आधी पुढचे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करावेत आणि जुनी युनिट रेघ ओलांडत जातील तशी, वर्षाला सव्वा लाखाच्या नफ्याच्या आत हलवावीत. एका फंडातून दुसऱ्यात दरमहा रक्कम नेणारी एसटीपीही याच नियमात येते: तिचा प्रत्येक हप्ता ही एक विक्री आहे. याउलट फंड कंपनीनेच दोन योजना विलीन केल्या, तर ती विक्री धरली जात नाही आणि तुमची जुनी तारीख टिकते.

शेअरमध्ये बोनसची गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य आणि त्यांचा काळ बोनस मिळाल्याच्या दिवसापासून मोजायचा. मूळ शेअर दहा वर्षांचे असले तरी गेल्या महिन्यातला बोनस शेअर अल्पकालीनच, आणि त्याची अख्खी विक्री किंमत नफा. शेअरचे विभाजन झाले तर मात्र मूळ तारीखच चालू राहते. शेअरची तारीख ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची धरावी.

वारशाने किंवा भेट म्हणून मिळालेल्या गुंतवणुकीत घड्याळ शून्यावर जात नाही. वडिलांनी २०१५ मध्ये घेतलेले शेअर तुमच्या नावावर गेल्या महिन्यात आले, तरी काळ २०१५ पासूनच मोजायचा आणि किंमतही वडिलांनी दिलेलीच धरायची. म्हणून वडीलधाऱ्यांची जुनी कागदपत्रे जपून ठेवा. पत्नीला किंवा पतीला शेअर भेट देऊन तिच्या-त्याच्या नावावर विकले तर कर वाचेल, असे काहींना वाटते. तसे होत नाही. तो नफा भेट देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो.

‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ इथे का चालत नाही

नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, हे सगळ्यांनी ऐकले आहे. त्यावरून ‘माझा पगार ९ लाख, मला कशाला भांडवली नफ्यावर कर?’ असा समज होतो. ती माफी सूट या रूपात मिळते आणि ती सूट वेगळ्या दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला मिळत नाही. शेअर आणि इक्विटी फंडावरचा नफा त्यातच येतो. म्हणून ९ लाख पगारावर कर शून्य असला तरी ५६,४०० च्या अल्पकालीन नफ्यावर २० टक्के भरावेच लागतात.

मूळ करमुक्त मर्यादेचे तसे नाही. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी ती ४ लाख आहे. तुमचे बाकी उत्पन्न तिच्यापेक्षा कमी असेल तर उरलेली जागा या नफ्यासाठी वापरता येते. निवृत्त व्यक्तीचे व्याजाचे उत्पन्न ३ लाख आणि अल्पकालीन नफा ६० हजार असेल, तर दोन्ही मिळून ३ लाख ६० हजार होतात आणि कर लागत नाही. ही सोय भारतातल्या रहिवाशांनाच आहे, अनिवासींना नाही.

तोटा झाला असेल तर

अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा करता येतो. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. म्हणून तोट्यातली युनिट विकायचीच असतील तर ती रेघ ओलांडण्याआधी विकणे जास्त उपयोगाचे, कारण तो तोटा २० टक्के कराच्या नफ्याला कापतो. नफ्याच्या बाबतीत थांबणे फायद्याचे, तोट्याच्या बाबतीत बरेचदा उलट. वजा करून उरलेला तोटा पुढची ८ वर्षे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीच्या आत भरलेले हवे. एक दिवस उशीर झाला तरी ही सोय जाते.

विक्रीनंतरचे काम

भारतात राहणाऱ्यांच्या फंड विक्रीतून कर कापला जात नाही. पूर्ण रक्कम बँकेत येते, आणि म्हणूनच पुष्कळांना वाटते की काही देणे नाही. कर तुम्ही स्वतः भरायचा असतो. पगारावर कापलेला कर वजा जाता वर्षाचे देणे १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त राहत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. आपल्या उदाहरणातल्या बाईंनी सगळे काढले असते तर १४,९८१ रुपये १५ मार्चच्या हप्त्यापर्यंत भरायला हवे होते, नाहीतर व्याज. ३,२५० रुपयांसाठी ही धावपळ नाही, तो विवरणपत्र भरताना भरला तरी चालतो.

आर्थिक वर्ष संपल्यावर कॅम्स आणि केफिनटेक या नोंदणी संस्थांच्या संकेतस्थळांवरून भांडवली नफ्याचा उतारा मागवा. तुमचे सगळे फंड या दोघांपैकी कुणाकडे तरी सापडतील. त्यात प्रत्येक हप्त्याची खरेदी, विक्री, दिवस आणि नफ्याचा प्रकार वेगवेगळा दिलेला असतो. शेअरसाठी ब्रोकर असाच उतारा देतो. मग आयकराच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून दोन्ही जुळवा. एआयएसमध्ये विक्रीची रक्कम बहुधा बरोबर असते, पण खरेदीची किंमत कधी चुकीची किंवा शून्य दिसते, विशेषतः शेअर एका डीमॅट खात्यातून दुसऱ्यात हलवलेले असतील तेव्हा. ती तशीच उचलली तर विक्रीची पूर्ण रक्कम नफा म्हणून मोजली जाईल.

आकडे भरताना दोन गोष्टी सांभाळा. दलाली वजा करता येते, रोखे व्यवहार कर वजा करता येत नाही. आणि अर्ज योग्य निवडा: फक्त दीर्घकालीन नफा असेल आणि तो सव्वा लाखाच्या आत असेल तर पगारदाराला आयटीआर-१ चालतो. अल्पकालीन नफ्याचा एक रुपया जरी असला, किंवा तोटा पुढे न्यायचा असला, तर आयटीआर-२. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नव्या आयकर कायद्याने घेतली असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण २०२५-२६ मधल्या विक्रीचे विवरणपत्र जुन्याच कायद्याखाली जाते.

बाकीच्या मालमत्तांविषयी थोडेसे

प्रत्यक्ष सोने, घर, जमीन आणि न नोंदलेले शेअर यांची रेघ २४ महिन्यांवर आहे. त्यांचा अल्पकालीन नफा २० टक्क्यांनी नाही, तर तुमच्या उत्पन्नात मिळून तुमच्या टप्प्याच्या दराने करपात्र होतो. दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, आणि सव्वा लाखाची सवलत इथे नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घर-जमिनीसाठी रहिवासी व्यक्तीला एक पर्याय ठेवला आहे: निर्देशांकासह २० टक्के किंवा त्याशिवाय साडेबारा, जो कर कमी येईल तो.

डेट फंडांत तर रेघच पुसली गेली आहे. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर घेतलेली डेट फंडाची युनिट तुम्ही पाच वर्षे ठेवा नाहीतर पाच महिने, नफा नेहमी अल्पकालीन धरला जातो आणि तुमच्या टप्प्याने कर लागतो. तिथे बारा किंवा चोवीस महिने मोजत बसू नका, पैसे लागतील तेव्हा काढा.